बायकोला बेडरेस्ट सांगितली: घर कोणत्या क्रमाने हातात घ्यायचं

गर्भारपणात डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली की बरेच नवरे दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतात. भांडी घासतात, कुकर लावतात, मुलाला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडतात. तरी आठवड्याभरात घरात धुसफूस सुरू होते. कारण हात बदलले तरी डोकं तिचंच चालू असतं. दूध संपत आलंय, मावशी उद्या सुट्टीवर आहेत, गणवेश वाळला नाही, गॅसचं बिल राहिलंय, हे सगळं पलंगावर पडून तीच आठवत राहते आणि आतल्या खोलीतून हाका मारत राहते. अंग पडून आहे, पण विश्रांती नाही.

क्रमही सहसा उलटा होतो. आधी गावी आईला फोन, मग ऑफिसात सुट्टीचा अर्ज, मग स्वयंपाकाला बाई. आणि ‘नेमकं काय करायचं नाही?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारला जातो पुढच्या तपासणीला, तोही जमलं तर.

पुढे सांगायला सोपं पडावं म्हणून एक घर डोळ्यासमोर धरू. घणसोलीत सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला बाविसावा आठवडा. सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं दिसलं म्हणून टाका घातलाय आणि घरी सोडलंय. ती ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका खाजगी कंपनीत नोकरीला, त्याचं ऑफिस महापेला. मोठी मुलगी चार वर्षांची. तिच्या सासूबाई साताऱ्याला, दहा दिवसांनी येऊ शकतात.

१. ‘बेडरेस्ट’ म्हणजे नेमकं काय, ते लिहून घ्या

एकच शब्द डॉक्टर चार वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. कुणाला फक्त वजन उचलायचं नसतं आणि प्रवास टाळायचा असतो. कुणाला दुपारी दोन-तीन तास आडवं व्हायचं असतं. कुणाला संडास-बाथरूमपुरतंच उठायचं असतं. वार खाली असल्यामुळे रक्तस्राव झालेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा टाका घातलेला असेल, तर प्रत्येक ठिकाणी काळजी वेगळी.

दिवसरात्र पडून राहिल्याने मुदतीआधीची प्रसूती टळते, असं संशोधनात सिद्ध झालेलं नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू अशक्त होतात. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर सरसकट पूर्ण बेडरेस्ट देत नाहीत. याचा अर्थ सांगितलेली विश्रांती तुम्ही घरी बसून रद्द करायची असा नाही. हद्द कुठपर्यंत, एवढं विचारायचं. फाइलमधल्या कागदाच्या मागेच हे प्रश्न लिहून न्या:

- बसून जेवलं, बसून अंघोळ केली तर चालेल का? एका वेळी किती वेळ बसायचं?
- घरातल्या घरात किती चालायचं? ओट्याशी उभं राहून चहा करणं चालेल का?
- मुलीला उचलायचं नाही हे कळलं. ती शेजारी झोपली तर चालेल का?
- जिना? तपासणीला येताना तीन मजले उतरून-चढून चालेल का?
- शरीरसंबंध? (हा प्रश्न बरीच जोडपी लाजून विचारत नाहीत आणि मग अंदाजाने वागतात.)
- घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, उकिडवं बसायचं का?
- पाय आणि घोटे हलवायचे कोणते व्यायाम पडल्यापडल्या करायचे?
- हे किती आठवडे? पुन्हा कधी ठरवायचं?

शेवटचा प्रश्न विसरू नका. टाका साधारण ३६-३७व्या आठवड्यात काढतात. म्हणजे आपल्या उदाहरणात मामला चौदा-पंधरा आठवड्यांचा झाला. आठ दिवसांचा उत्साह इथे उपयोगाचा नाही.

तपासा: उत्तरं तुम्हा दोघांनाही एकसारखी सांगता येतात का? ‘अगं, एवढ्याने काही होत नाही’ आणि ‘डॉक्टर नको म्हणाले होते’ हा वाद घरात झाला, तर पायरी एक अर्धवट राहिली आहे.

२. रात्री दोनला काय करायचं, ते आजच ठरवा

स्वयंपाकाची सोय दोन दिवस उशिरा झाली तर चालते, वडापाववर भागतं. हे मात्र पहिल्याच दिवशी व्हायला हवं.

डॉक्टरांना सरळ विचारा: ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर तुमच्याकडेच यायचं, की दुसरीकडे? नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग प्रत्येक प्रसूतिगृहात नसतो. तो तुमच्या रुग्णालयात नसेल तर कुठे जायचं, त्याचं नाव आणि फोन नंबर आत्ताच घ्या. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्ता किंवा घोडबंदर रोड कसा तुंबतो हे वेगळं सांगायला नको. सकाळी मोकळ्या रस्त्यावर लागलेल्या वेळेवर हिशोब करू नका. एकदा संध्याकाळी सातला त्या रस्त्याने जाऊन बघा.

मग जिन्याचा प्रश्न. लिफ्ट नसलेल्या इमारतीत अरुंद वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. पाठ आणि हात असलेली एक मजबूत खुर्ची दाराजवळ कायम ठेवा. मजल्यावरचे किंवा खालचे दोन धडधाकट शेजारी विचारून ठेवा: ‘रात्री फोन केला तर खुर्ची धरायला याल का?’ लोक आनंदाने येतात, फक्त आधी विचारावं लागतं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. वॉचमनला नंबर, विंग आणि मजला सांगून ठेवा, म्हणजे गाडी चुकीच्या गेटवर थांबणार नाही.

खालीलपैकी काही झालं तर आधी डॉक्टरांना फोन, मग बाकीचं:

- योनीतून रक्त जाणं, किंवा अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटणं
- पोट राहून राहून आवळणं, कंबर ठरावीक वेळाने दुखणं, खाली दाब आल्यासारखं वाटणं
- जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्यावर एकदम सूज
- एकाच पायाची पोटरी सुजणं, गरम लागणं, दुखणं
- २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं

छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर फोनाफोनीत वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

इशारा: सुजलेली पोटरी चोळून देऊ नका. गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं ठरू शकतं.

३. तिच्या डोक्यातलं घर वहीत उतरवा

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो. एक दोनशे पानी वही घ्या, तिच्याजवळ बसा, ती सांगेल ते लिहा. मध्ये ‘हे काय सांगायचं, मला माहिती आहे’ म्हणू नका. माहिती असतं तर हाका आल्या नसत्या.

कामाचं नुसतं नाव पुरत नाही. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी हव्यात: कधी, कशावरून कळतं, आणि कुणाला सांगायचं. ‘वाणसामान’ एवढंच लिहिलं तर तूरडाळ संपल्याचं कुकर लावतानाच कळेल. ‘तुरीचा डबा निम्म्यावर आला की त्याच दिवशी सेक्टरच्या वाण्याला फोन, तो दुपारी घरपोच देतो’ असं लिहिलं तर ते काम खरोखर तिच्या डोक्यातून बाहेर पडलं.

आपल्या घणसोलीच्या घरात बसल्यावर काय काय निघेल बघा. पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येतं, तेव्हा पिंप भरायचं. मुलीच्या डब्यात बुधवारी शाळेने फळ सांगितलंय. तिला पोळीचा रोल लागतो, तुकडे केले तर डबा तसाच परत येतो. मावशी महिन्याच्या दोन सुट्ट्या शेवटच्या आठवड्यात घेतात. व्हॅनवाल्या काकांना उशीर होणार असेल तर आदल्या रात्रीच मेसेज करावा लागतो. कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवली की सकाळी वीस मिनिटं वाचतात. हे कुणी कधी काम म्हणून मोजलेलंच नसतं.

शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावशी आणि व्हॅनवाले काका या सगळ्यांकडे तुमचा नंबर द्या. तिच्या फोनवर येणारे हे मेसेज बंद झाले नाहीत तोवर कामाची सूत्रं तिच्याच हातात आहेत असं समजा.

तपासा: दोन दिवस सलग तिला ‘हे कुठे आहे?’ असं न विचारता घर चालवून बघा. अडलात तिथे वहीत भर घाला.

४. आधी कामं गाळा, मग विकत घ्या, मग वाटा

वही भरली की लगेच वाटण्या करायला बसू नका. आधी काट मारा. इस्त्री बाहेर द्या, किंवा चार महिने बिनइस्त्रीचे शर्ट घाला. रोज लादी पुसायची गरज नाही, दिवसाआड चालते. सकाळी पोळी-भाजी, संध्याकाळी खिचडी, आमटी-भात किंवा मऊ भात. दोन्ही वेळा चारी ठाव नको. सणाला पुरणपोळी विकतची आणली तर देव रागवत नाही, नातेवाईक रागावले तर त्याचं पुढे बघू.

मग विकत घ्यायचं. पैसे कमी असतील तर सगळ्यात आधी पोळ्यांना बाई बघा. भाजी आणि कुकर नवशिक्यालाही आठवड्यात जमतो, पोळ्या जमत नाहीत आणि त्यात सकाळचा सगळा वेळ जातो. भांडी आणि केर-लादी याला दुसरा नंबर. स्वयंपाकाच्या ताई येणार असतील तर आदल्या रात्री भाजी ठरवून, निवडून, ओट्यावर काढून ठेवायचं काम तुमचं. नाहीतर ताई थेट आतल्या खोलीत जाऊन विचारतात, ‘वहिनी, आज काय करू?’ आणि पुन्हा तिचं डोकं सुरू.

उरलेलं तुम्ही, सासूबाई आणि शेजार यांत वाटायचं. या घरातला कामाचा दिवस साधारण असा बसेल. सहाला पाणी, दूध, मुलीचा डबा. साडेसातपर्यंत पोळीवाल्या ताई. तिचा नाश्ता आणि गोळ्या तुमच्यासमोर. सव्वाआठला मुलगी व्हॅनमध्ये. निघण्याआधी तिचं दुपारचं जेवण कॅसरोलमध्ये पलंगाशेजारी, पाण्याचा जग भरलेला. मुलगी परत येते त्या वेळेला शेजारच्या काकू तिला खालून वर आणतात आणि तिथेच आत डोकावून जातात. दुपारी एकदा तुमचा फोन. साडेसहाला तुम्ही घरी. सासूबाई आल्यावर दुपार त्यांच्याकडे गेली तरी सकाळ तुमचीच. सगळं त्यांच्यावर टाकलंत तर पंधरा दिवसांत त्यांचे गुडघे बोलायला लागतील.

सुट्टीबद्दल. बरेच जण पहिल्याच आठवड्यात असलेली सगळी रजा टाकतात आणि मग प्रसूतीच्या वेळी हातात काही उरत नाही. पहिले दोन-तीन दिवस घ्या, वही आणि माणसं लावा. पुढे तपासणीच्या दिवशी अर्धी रजा. आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम मिळेल का, हे कारण स्पष्ट सांगून साहेबांना विचारा.

तिच्या नोकरीचंही लगेच बघा. प्रसूती रजा कायद्याने २६ आठवड्यांची आहे, पण त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडेच अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. म्हणजे बाविसाव्या आठवड्यापासून बत्तिसाव्यापर्यंतचं अंतर उरतं. गर्भारपणामुळे आलेल्या आजारासाठी कायद्यात आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे, त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बाकी आजारपणाची रजा, आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर घरून काम. ते प्रमाणपत्र मागून आणणं आणि एचआरला ईमेल लिहून तयार ठेवणं तुमच्याकडे. तिने वाचून पाठवायचं.

५. पलंगाची बाजू लावा

तिला एकदाही वाकावं किंवा ताणून हात लांबवावा लागू नये. पलंगाच्या उंचीचं एक स्टूल, त्यावर पाणी, लांब वायरचा चार्जर, गोळ्यांचा डबा, कचऱ्याची छोटी टोपली, कोरडा खाऊ (चणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू). फाइल उशाशीच. पंख्याचं बटण लांब असेल तर सोय बदला. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पाठीला एक. पावसाळा असेल तर मच्छरदाणी हवीच. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, आणि गर्भारपणात डेंग्यू नको.

बाथरूममध्ये पाय न घसरणारी चटई आणि प्लास्टिकचं मजबूत स्टूल ठेवा. आतून कडी लावायची नाही, हे ठरवून टाका.

पडून राहिल्याने आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, आणि कुंथणं अजिबात नको. म्हणून रोज पालेभाजी, पेरू किंवा पपनस, भिजवलेल्या मनुका आणि भरपूर पाणी. तरीही होत असेल तर औषध डॉक्टरांना विचारूनच. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर देऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आपल्याकडे दोन्ही गोळ्या जेवणानंतर एकदम हातावर ठेवायची पद्धत आहे, ती इथे मोडा.

६. तिच्याशी कसं बोलायचं

तिला दिवसभरात तीन गोष्टी छळतात: बाळाची भीती, ‘माझंच काहीतरी चुकलं’ ही टोचणी, आणि आपण ओझं झालोय ही भावना. ‘तू टेन्शन नको घेऊस’ हे वाक्य तिन्हींपैकी कशालाच लागू पडत नाही. उलट तिला वाटतं की याच्याशी बोलायची सोय नाही.

टोचणी आधी घ्या, कारण तिचं उत्तर ठाम आहे. गर्भाशयाचं तोंड आखूड होणं किंवा वार खाली असणं ऑफिसला जाण्याने, जिना चढण्याने किंवा मुलीला एकदा उचलण्याने झालेलं नसतं. हे पुढच्या तपासणीत तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा. तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा त्यांनी एकदा सांगितलेलं जास्त पोचतं.

भीतीवर उपाय शोधत बसू नका. रात्री मुलगी झोपल्यावर वीसेक मिनिटं फोन बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा आणि विचारा, ‘आज सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली?’ उत्तर आल्यावर गप्प राहून ऐका. मग, ‘मलाही वाटते. शुक्रवारी डॉक्टरांना हे विचारू, वहीत लिहितो.’ एवढं पुरतं. नेटवरच्या भयंकर गोष्टी ती दुपारी एकटी वाचत असेलच. त्यातला प्रश्न वहीत गेला की त्याला एक जागा मिळते.

ओझ्याची भावना कौतुकाने जात नाही, अधिकार दिल्याने कमी होते. पण इथे काळजीपूर्वक. कामावर नजर ठेवायला लावणं वेगळं आणि निर्णय तिच्याकडे ठेवणं वेगळं. ‘भाजीला किती मीठ घालू?’ ही देखरेख झाली. ‘या वर्षी मुलीचा वाढदिवस कसा करायचा, तू ठरव, मी करतो’ हा निर्णय झाला. तिला झेपेल आणि आवडेल असं एखादंच काम तिच्याकडे राहू द्या, तेही तिने मागितलं तर. मुलीला पडल्यापडल्या रोज गोष्ट सांगणं हे तर तिचंच. मुलीलाही आईजवळ जायची एक ठरलेली वेळ लागते, नाहीतर ती पोटावर उडी मारूनच येते.

आणि तुम्ही केलेल्या कामाचा पाढा तिच्यासमोर वाचू नका. दमलात तर मित्राजवळ, भावाजवळ बोला.

इशारा: दोन आठवडे सलग रडू येणं, झोप न लागणं, जेवण न जाणं, कशातच मन नसणं, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं बोलणं हे मूड म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. टेली मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर कोणत्याही वेळी बोलता येतं. मरणाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तोवर तिला एकटं सोडू नका.

७. आपल्या माणसांना आपणच सांगायचं

तुमच्या नातेवाइकांना तुम्ही, तिच्या माहेरच्यांना ती. ही विभागणी मोडली की भांडण ठरलेलं. सासूबाई गाडीत बसण्याआधीच फोनवर बोलून घ्या. ‘आई, डॉक्टरांनी कारण सांगितलंय, ते तिच्या हातात नव्हतं. तिच्यासमोर नोकरीचा विषय काढू नकोस. आणि आमच्या वेळी आम्ही शेतात राबायचो, हेही नको.’ अवघड वाटतं, पण आई तुमचं ऐकेल, सुनेने सांगितलेलं लक्षात ठेवेल.

दोन्ही आया एकाच वेळी बोलवू नका. एक आता, दुसरी बाळंतपणाला. भेटायला येणाऱ्यांना वेळ द्या, संध्याकाळी पाच ते सहा, आणि चहा तुम्ही करा. डोहाळजेवणाचा आग्रह झाला तर डॉक्टरांना विचारून घरीच, मोजक्या बायकांत, तिने पलंगावर टेकून बसावं आणि ओटी भरावी. हॉल नको.

८. मोकळीक मिळाली की लगेच कामं परत करू नका

टाका निघाला किंवा डॉक्टरांनी हिंडा-फिरायला सांगितलं, तरी आठवडे पडून राहिलेले पाय लगेच साथ देत नाहीत. पहिल्या दिवशी घरातच दोन-चार फेऱ्या, सोबत कुणीतरी. उठताना आधी कडेला पाय सोडून बसायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, मग उभं राहायचं. जिना डॉक्टरांना विचारून, आणि पहिल्यांदा तुम्ही तिच्या खालच्या पायरीवर. पुढे काही दिवसांत प्रसूती, मग बाळ, तेव्हा पोळ्यांची बाई याच वेळी सोडली तर पंधरा दिवसांत पुन्हा शोधावी लागेल आणि ती मिळेलच असं नाही. वही तशीच ठेवा. त्यात बाळाच्या लसींच्या तारखांचं एक पान वाढेल, आणि तेही तुमच्याच अक्षरात असू द्या.